लॉगिनचा फेरा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापुरातील एखाद्या सेवा केंद्रात दाखल्यांसाठी रांग लागलेली असावी, चालकाने नाव व पासवर्ड भरून प्रवेश मागावा आणि क्षणभराने पुन्हा लॉगिनचेच पान समोर यावे, हा प्रकार अनेकांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच्या कारणांविषयी रूढ असलेल्या समजुती बहुधा निराधार असतात.

गैरसमज : पासवर्ड चुकला असावा.

वस्तुस्थिती : पासवर्ड चुकला तर संकेतस्थळ सहसा तसे स्पष्ट सांगते. काही न बोलता लॉगिनचे पान परत येते, तेव्हा सर्व्हरने बहुधा आपली ओळख मान्य करून तिचा पुरावा, म्हणजे कुकी किंवा टोकन, ब्राउझरच्या स्वाधीन केलेला असतो. मात्र पुढच्या पानावर तो रुजू होत नाही, अथवा रुजू होऊनही नामंजूर होतो.

गैरसमज : सर्व कुकीज पुसल्या की काम झाले.

वस्तुस्थिती : जुनी साठवण आड येत असेल, तरच हा उपाय लागू पडतो. खासगी विंडोत लॉगिन टिकले, तर दोष बहुधा साठवणीचा समजावा आणि केवळ त्याच संकेतस्थळाच्या कुकीज व साइट डेटा पुसावा. कारण टोकन पुष्कळदा कुकीत नसून ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये असते. खासगी विंडोतही फेरा सुटला नाही, तर कुकीज अडवणारी सेटिंग आणि घड्याळ यांची तपासणी करावी.

गैरसमज : पडद्यावरील वेळ बरोबर दिसते, तेव्हा घड्याळ निर्दोष आहे.

वस्तुस्थिती : टोकन हा मुदतीचा परवाना असून त्याची मुदत `exp` या रकान्यात जागतिक वेळेनुसार, म्हणजे यूटीसीप्रमाणे, सेकंदांत नोंदलेली असते. समजा, सकाळचे साडेदहा वाजले आहेत, म्हणजे यूटीसीप्रमाणे पाच. परंतु संगणकाचा टाइम झोन यूटीसी राहिला असून कोणी तरी हाताने साडेदहा लावले आहेत. सर्व्हर पाच वाजता एका तासाचे टोकन देतो, त्याची मुदत सहापर्यंत. पण संगणकाच्या लेखी यूटीसीचेच साडेदहा वाजलेले असल्याने पानातील प्रोग्राम ते साडेचार तासांपूर्वीच बाद झाले असे ठरवून आपल्याला लॉगिनकडे धाडतो. तिकडे सर्व्हरची स्वतःची कुकी शाबूत असेल, तर तो नवे टोकन देऊन आपल्याला परत पाठवतो, आणि फेरा सुरू होतो. घड्याळ काही वर्षे मागे गेले असते, तर ब्राउझरने प्रमाणपत्राची तक्रार केली असती. साडेपाच तासांच्या फरकाने तीही बहुधा होत नाही.

म्हणून विंडोजमध्ये टाइम झोन `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` असा आहे ना, हे प्रथम पाहावे आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवू द्यावी. घड्याळांतील किरकोळ तफावतीसाठी प्रोग्राम लिहिणारे काही मिनिटांची सवलत ठेवतात. साडेपाच तासांची सवलत कोणी ठेवत नाही.