n! आणि nⁿ: सीमेचा निकाल गुणोत्तरावर

n! म्हणजे 1 पासून n पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, अर्थात n चे क्रमगुणित. nⁿ म्हणजे n हीच संख्या n वेळा घेऊन केलेला गुणाकार. n वाढत गेला की दोन्ही संख्या अवाढव्य होतात. मग aₙ = n!/nⁿ या क्रमिकेची सीमा काय? अंश आणि छेद दोन्ही अनंताकडे जात असल्याने नुसते पाहून काही सांगता येत नाही. शाळेत शिकलेले नेहमीचे उपायही इथे अडतात. अंश-छेदाला n च्या सर्वांत मोठ्या घाताने भागावे, तर n! मध्ये असा एखादा ठरलेला घात नसतो. अवकलन करावे, तर n! ची व्याख्या फक्त पूर्णांकांसाठी केलेली असते.

अशा वेळी पदाकडे न पाहता, एका पदावरून पुढच्या पदावर जाताना किती पट होते ते पाहावे. क्रमगुणिताचा स्वभावच या तुलनेला सोयीचा आहे. (n+1)! = (n+1)·n! असल्यामुळे शेजारच्या दोन पदांचा भागाकार केला की तो लांबलचक गुणाकार कटून जातो आणि एकच अवयव मागे उरतो. वरच्या क्रमिकेसाठी

aₙ₊₁/aₙ = (n+1)!/(n+1)ⁿ⁺¹ × nⁿ/n! = nⁿ/(n+1)ⁿ = 1/(1 + 1/n)ⁿ

असे मिळते. मधल्या पायरीत (n+1)! मधला (n+1) हा अवयव (n+1)ⁿ⁺¹ मधल्या एका अवयवाशी कटतो, म्हणून छेदाचा घात n+1 ऐवजी n राहतो. हात घसरतो तो नेमका इथेच. nⁿ चे पुढचे पद लिहिताना तळ आणि घात दोन्ही बदलायचे असतात. फक्त घात बदलून nⁿ⁺¹ लिहिले, तर पुढचे सगळे चुकते.

(1 + 1/n)ⁿ ची सीमा e, म्हणजे सुमारे 2.718, हे कलनशास्त्रातले परिचित सूत्र आहे. त्यामुळे गुणोत्तराची सीमा 1/e, म्हणजे सुमारे 0.368 येते. हे मूल्य गुणोत्तराचे आहे, क्रमिकेचे नाही. क्रमिकेची सीमा 0.368 असे उत्तर लिहिणे ही या प्रकारच्या गणितातली वारंवार दिसणारी चूक आहे. 0.368 चा अर्थ एवढाच की, बरेच पुढे गेल्यावर प्रत्येक पद आधीच्या पदाच्या साधारण 37 टक्के उरते. असे होत राहिले तर पदे शून्याकडेच जाणार.

या ‘जाणार’मागचा युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे. समजा, पदे धन आहेत आणि गुणोत्तराची सीमा L ही 1 पेक्षा लहान आहे. L आणि 1 यांच्यामध्ये एक संख्या r निवडावी. गुणोत्तर L च्या जवळ येत असल्याने एखाद्या N व्या पदापासून पुढे ते r पेक्षा लहानच राहते. म्हणजे तिथून पुढचे प्रत्येक पद आधीच्या पदाच्या r पटीपेक्षा लहान असते, आणि k पावलांनंतरचे पद aₙ च्या N व्या मूल्याला rᵏ ने गुणून येणाऱ्या संख्येपेक्षा लहान. r हा 1 पेक्षा लहान असल्याने rᵏ शून्याकडे जातो आणि त्याच्या दाबाखालची क्रमिकाही शून्याकडे जाते. L जर 1 पेक्षा मोठा असेल, तर हाच युक्तिवाद उलटा चालतो आणि पदे अनंताकडे जातात. n!/nⁿ च्या बाबतीत तर (1 + 1/n)ⁿ कधीच 2 पेक्षा लहान नसते, म्हणून पहिल्या पावलापासून प्रत्येक पद आधीच्या पदाच्या निम्मे किंवा त्याहून कमी होते. पहिले पद 1, पाचवे 0.0384 आणि दहावे 0.00036288.

युक्तिवादातल्या ‘N व्या पदापासून पुढे’ या शब्दांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. 100ⁿ/n! ही क्रमिका घ्या. तिचे गुणोत्तर 100/(n+1) आहे, त्याची सीमा 0, म्हणून क्रमिकाही शून्याकडे जाते. पण n = 99 होईपर्यंत हे गुणोत्तर 1 पेक्षा मोठे असते आणि पदे वाढतच राहतात. 99 वे आणि 100 वे पद समान असून ते सुमारे 10⁴² एवढे भरते. तिथून उतार सुरू होतो, तरी पद पहिल्यांदा 1 च्या खाली येते ते n = 269 ला. सुरुवातीची पन्नास पदे संगणकावर काढून क्रमिका अनंताकडे जाते असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो साफ चुकेल. सीमा ठरते ती गुणोत्तराच्या दूरच्या वागण्यावरून.

n!/nⁿ शून्याकडे जाते, पण कितपत वेगाने? ते मोजण्यासाठी अंशात xⁿ घालून xⁿ·n!/nⁿ ही क्रमिका तपासावी. तिच्या गुणोत्तराची सीमा x/e येते. x = 2 घेतला तर 2/e सुमारे 0.736 असल्याने क्रमिका शून्याकडे जाते; दहावे पद 0.37 च्या आसपास आहे. x = 3 घेतला तर 3/e सुमारे 1.10, म्हणून क्रमिका अनंताकडे जाते. दहाव्या पदालाच ती 21 च्या पुढे असते. 2 आणि 3 मध्ये असलेली सीमारेषा बरोबर e वर पडते.

आणि x = e घेतल्यावर ही पद्धत हात टेकते, कारण गुणोत्तराची सीमा 1 येते. सीमा 1 असताना क्रमिका काहीही करू शकते. n या क्रमिकेचे गुणोत्तर (n+1)/n आणि 1/n या क्रमिकेचे n/(n+1), दोन्हींची सीमा 1. पण पहिली अनंताकडे जाते, दुसरी शून्याकडे. प्रत्येक गुणोत्तर 1 पेक्षा लहान असणेही पुरेसे नाही. 1 + 1/n या क्रमिकेचे प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहान असते, तरी तिची सीमा 1 आहे, शून्य नव्हे. गुणोत्तर 1 च्या खाली ठरावीक अंतर राखून असले पाहिजे.

eⁿ·n!/nⁿ चे गुणोत्तर e/(1 + 1/n)ⁿ हे नेहमी 1 पेक्षा किंचित मोठे असते, त्यामुळे पदे वाढतात हे नक्की. ती कुठे थांबतात का, हे मात्र गुणोत्तराची सीमा सांगत नाही. आकडे काढले तर पहिले पद 2.718, दहावे सुमारे 7.99 आणि शंभरावे सुमारे 25.09 येते. n दसपट झाला की पद साधारण तिप्पट होते, म्हणजे वाढ √n च्या चालीने होत असावी. पदाला √n ने भागून पाहिले की दहाव्या पदासाठी 2.528 आणि शंभराव्यासाठी 2.509 मिळते. या भागाकाराची सीमा √(2π), म्हणजे सुमारे 2.507 आहे. हाच स्टर्लिंगचा सूत्ररूप निकाल: n मोठा असताना n! हे √(2πn)·(n/e)ⁿ च्या जवळ असते. अब्राहम द म्वाव्र यांनी 1730 च्या सुमारास या सूत्राचे रूप शोधले होते. त्यातला स्थिरांक √(2π) आहे हे जेम्स स्टर्लिंग यांनी दाखवले. स्थिरांकात π कुठून आला, हे शेजारच्या दोन पदांच्या तुलनेतून उलगडत नाही; त्यासाठी जॉन वॉलिस यांचा π साठीचा अनंत गुणाकार किंवा संकलनाचा आधार घ्यावा लागतो.