फ्लूचे आठ तुकडे

इन्फ्लुएन्झा 'ए' विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या आठ सुट्या तुकड्यांत असते. त्याच्या आवरणावरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आपल्या पेशीला चिकटते, तर न्यूरामिनिडेज नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवते. आपली प्रतिपिंडे मुख्यतः हिमॅग्लुटिनिनला ओळखतात.

आरएनएची नक्कल करताना झालेल्या चुका हा विषाणू दुरुस्त करत नाही. त्यामुळे हिमॅग्लुटिनिन थोडेथोडे बदलते आणि जुनी प्रतिपिंडे कमी पडतात. हा 'ड्रिफ्ट'. 'शिफ्ट' क्वचित होतो, पण अधिक घातक ठरू शकतो. डुकराच्या एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले, की या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. २००९ मध्ये पुण्यातल्या शाळा आणि चित्रपटगृहे बंद करायला लावणारा एच१एन१ डुक्कर, पक्षी आणि माणूस यांच्या विषाणूंच्या तुकड्यांतून असाच जुळून आला होता. तरुणांच्या शरीराला तो अनोळखी होता. अनेक वृद्धांकडे मात्र जुन्या एच१एन१ची थोडी ओळख शिल्लक होती.

लस बनायला सुमारे सहा महिने लागतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये पुढच्या हंगामासाठीचे विषाणू आधीच निवडते. मधल्या काळात विषाणू बदलला, तर संरक्षण घटते. तरीही गंभीर आजाराचा धोका ती कमी करते. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांनी ती दरवर्षी घ्यावी.