वर्तुळ, अन्वस्त आणि छायांकित प्रदेश

क्ष² + य² = २० हे आरंभबिंदूभोवती काढलेल्या वर्तुळाचे समीकरण होय. त्यातील समचिन्हाच्या जागी < हे चिन्ह घातले, म्हणजे ती असमता होते. आणि तिचे उत्तर वक्ररेषा नसून प्रतलाचा एक संपूर्ण भाग असतो. तो ओळखण्यासाठी वर्तुळाच्या आतला एक व बाहेरचा एक बिंदू तपासला की पुरे. कारण, क्ष² + य² − २० या राशीचे चिन्ह शून्यातून गेल्यावाचून पालटत नाही, आणि ती शून्य होते केवळ परिघावर. आरंभबिंदूपाशी ० < २० हे खरे आहे. (५, ०) पाशी २५ < २० हे खोटे. म्हणून अंतर्भाग छायांकित करावा. परीघ त्यात येत नसल्यामुळे तो तुटक काढावा.

आता जोडीला य ≥ क्ष² ही अट घेऊ. येथे आरंभबिंदू अन्वस्तावरच पडतो. तो कोणत्याच बाजूचा नसल्यामुळे परीक्षेस निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी (०, १) घेतल्यास अट पाळली जाते, (०, −१) घेतल्यास मोडते. सबब अन्वस्ताच्या आतील भाग घ्यावा. समता मान्य असल्याने अन्वस्त अखंड रेषेने काढावा.

दोन्ही छाया जेथे एकमेकींवर पडतात, तेवढाच प्रदेश इष्ट होय. त्याचे कोपरे काढण्यासाठी वर्तुळाच्या समीकरणात क्ष² च्या जागी य लिहावा. मग य² + य = २०, म्हणजे य = ४ किंवा −५. क्ष² ऋण असू शकत नाही, म्हणून −५ त्याज्य. उरतात (२, ४) आणि (−२, ४). हे बिंदू अन्वस्तावर असले तरी वर्ज्य परिघावरही आहेत. तेव्हा तेथे पोकळ ठिपकेच द्यावेत.