सव्वा महिन्यानंतरही लघवी सुटत असेल तर

बाळंतिणीने काय खावं, शेक किती दिवस घ्यावा, डोक्याला फडकं कधीपर्यंत बांधावं, हे सांगायला घरातली प्रत्येक बाई तयार असते. शिंकताना लघवी निसटली तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. एखादीने धीर करून विचारलंच तर ‘होतं असं, सगळ्यांनाच होतं’ म्हणून विषय मिटतो. सगळ्यांना होत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण तीनपैकी एकीला हा त्रास होतो, असं अभ्यास सांगतात. म्हणजे तुम्ही एकट्या नाही. पण म्हणून ते जन्मभर सोसायचं, असाही त्याचा अर्थ नाही.

पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात, आपण ओटीपोटाचा तळ म्हणू. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक या तळावर टेकलेलं असतं, आणि लघवीची वाट, योनिमार्ग व गुदद्वार त्यातूनच खाली उघडतात. बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूंचा काही भाग मूळच्या लांबीच्या जवळपास तिप्पट ताणला जातो. सोबत त्यांना चालवणारी नसही ओढली जाते. म्हणून पहिल्या काही दिवसांत खालचं अंग बधिर, सैल, आपलं नसल्यासारखं वाटतं. सिझेरियन झालेल्या बाईचा हा ताण वाचतो, पण नऊ महिने वाहिलेलं ओझं वाचत नाही. त्यामुळे पुढचं सगळं तिच्यासाठीही आहे.

एक पहिलटकरीण डोळ्यांसमोर आणू. वय 26, बाळ 3.4 किलोचं, जोर लावायला दीड-दोन तास लागले, डॉक्टरांनी छेद देऊन टाके घातले. दहाव्या दिवशी शिंक आली आणि कपडा ओला झाला. लघवीला बसलं की नीट होते, ताप नाही, वारा आणि शौच रोखता येतं. हिला घाबरण्याचं कारण नाही. व्यायाम मात्र आजच सुरू करायला हवा. लघवीची नळी लावली असेल तर ती काढेपर्यंत थांबायचं. नंतर टाके दुखत असले तरी हलक्या हाताने, म्हणजे हलक्या जोराने, करून बघायला हरकत नसते.

पाठीवर झोपा आणि गुडघे वाकवा. चारचौघांत बसल्यावर वारा सरू नये म्हणून जसं आवळून धरतो, तसं गुदद्वार आवळा. तेच आवळणं पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणा आणि सगळं आत व वर ओढून घ्या. दोन-तीन सेकंद धरा आणि पूर्ण सोडा. सोडणं हाही व्यायामाचाच अर्धा भाग आहे. आवळण्याला जेवढा वेळ दिला तेवढा तरी वेळ सैल राहा आणि मगच पुढची खेप घ्या.

ऐकायला सोपं वाटतं, पण चुकतं ते इथेच. 1991 साली अमेरिकेत झालेल्या एका लहानशा अभ्यासात नुसतं तोंडी सांगून व्यायाम करायला लावला, तेव्हा जेमतेम निम्म्या बायकांना तो नीट जमला. काही जणी तर आत ओढण्याऐवजी खाली जोर लावत होत्या. तसं केल्याने त्रास वाढू शकतो. आपलं बरोबर चाललंय का, हे बघण्याच्या खुणा आहेत. श्वास रोखला जात असेल, नितंब किंवा मांड्या आवळल्या जात असतील, पोट फुगून बाहेर येत असेल, तर चुकतंय. टाके भरून आल्यावर हातात छोटा आरसा धरून बघा: योनिमार्ग आणि गुदद्वार यांमधली जागा आत-वर सरकली पाहिजे, फुगून खाली येता कामा नये. लघवी करताना धार मधेच थांबवून बघायची युक्ती पुष्कळ जणी सांगतात. ओळख पटवायला एखाद्या वेळी ठीक, पण रोजचा व्यायाम म्हणून नको. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

आपल्या बाळंतिणीने सुरुवातीला दोन सेकंद धरलेलं हळूहळू दहा सेकंदांवर न्यायचं. एका वेळी अशा आठ खेपा, त्यांच्यामागे पटकन आवळून पटकन सोडायच्या आठ-दहा, आणि हे दिवसातून तीन वेळा. वेगळा वेळ काढायला गेलं तर राहून जातं, म्हणून बाळाला पाजायला घेताना करावं. स्नायू ताकदवान व्हायला महिने लागतात. तीन महिने नेमाने केल्याशिवाय ‘उपयोग नाही’ असं ठरवू नका. ताकद येईपर्यंत एक गोष्ट आजपासूनच कामाला येते: शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं, की तो येण्याआधी तळ आवळून धरायचा. सवय लागली की हे आपोआप होतं.

या मेहनतीवर पाणी फिरवतं ते कुंथणं. बाळंतिणीला पाणी बेताने द्यायचं, वर तुपाचे लाडू खाऊ घालायचे, मग शौचाला खडा होणार आणि ती रोज त्याच जखमी स्नायूंवर जोर लावत बसणार. लाडू खुशाल खा, सोबत भाजी खा आणि पुरेसं पाणी प्या. लघवी सुटते म्हणून पाणी तोडणंही चूकच. कमोडवर बसत असाल तर पायांखाली पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील. पोटपट्टा बांधला तर पाठीला आधार वाटेल, पण त्याने तळ बळकट होत नाही. पहिले सहा आठवडे बाळाहून जड काही उचलू नये. भरलेला हंडा तर नाहीच.

आता दवाखान्याचं. बाळंतपणानंतर किंवा नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झालीच नाही, तर तिथल्या तिथे नर्सला सांगा. भरून फुगलेल्या मूत्राशयातूनही थेंब थेंब गळतं, आणि ‘होतेय की लघवी’ असा गैरसमज होतो. शिंकेशिवाय, रात्रंदिवस, झोपेतही कपडा ओला राहत असेल तर वाट पाहू नका. फार वेळ अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडलेलं असू शकतं, आणि व्यायामाने ते बुजत नाही. वारा किंवा शौच रोखता येत नसेल तर गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत चीर गेली असण्याची शक्यता असते, तपासून घ्या. ताप, टाक्यांतून पू, घाण वासाचा स्राव, तासाभरात पॅड पूर्ण भिजवणारा रक्तस्राव, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला अचानक बधिरपणा येऊन लघवी-शौचाचा ताबा सुटणं, या गोष्टींसाठी लगेच निघा. वाहन नसेल तर 108.

अंग बाहेर येतंय असं वाटणं, खाली गोळा हाताला लागणं, किंवा संबंधांच्या वेळी दुखत राहणं, हे त्याच रात्री धावण्याचं कारण नाही. सहा आठवड्यांच्या तपासणीत मात्र सांगायलाच हवं. तीन महिने नीट व्यायाम करूनही गळत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि मिळाल्यास या कामातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. दवाखान्यात बाळंत झालात तर आशाताई तिसऱ्या दिवसापासून 42व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. बहुतेक वेळ बाळाचं वजन आणि ताप बघण्यात जातो. त्या वहीत लिहीत असतानाच आपलंही सांगून टाका. आणि दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर चीर किती खोल होती हे लिहून घ्या. पुढच्या खेपेला बाळंतपण कसं करायचं हे ठरवताना डॉक्टर तेच आधी विचारतील.