धाप एक, विकार दोन

चुलीच्या धुरात तीस वर्षे काढलेल्या, विडीला कधीही न शिवलेल्या साठीच्या बाईला चढणीवर धाप लागू लागली, की घरची मंडळी तिला सर्रास दमेकरी ठरवितात. परंतु दम्यात धूळ वा परागकणांनी आकसलेल्या श्वासनलिका पुन्हा मोकळ्या होऊन मधले दिवस बहुधा निर्वेध जातात, तर धुराने जडलेल्या सीओपीडीत नलिका कायमच्या अरुंद होऊन व वायुकोशांच्या भिंती झिजून धाप वर्षानुवर्षे वाढतच जाते.

निवाड्यासाठी साल्ब्युटामॉलपूर्वी व नंतर पंधरा मिनिटांनी तिला यंत्रात जोराने फुंकावयास लावतात. पहिल्या सेकंदातील उच्छ्वास ०.९० लिटरवरून १.३० झाला, तर कौल दम्याकडे झुकतो, ०.९५ वरच अडून एकूण उच्छ्वासाच्या ७० टक्क्यांखाली राहिला, तर सीओपीडीकडे. मात्र जुनाट दम्यातही नलिका ताठरतात. सबब पूर्ववृत्तान्तावाचून हा पुरावा अपुराच.