नऊ पावशेरांचा हिशोब

आमच्या आजीच्या वहीत बेसनाच्या लाडवांचे प्रमाण अवघ्या दीड ओळीत उरकले आहे. डाळीचे पीठ एक शेर, तूप अर्धा शेर, पिठीसाखर पाऊण शेर, वेलदोड्याची पूड एक तोळा. किती लाडू होतील याचा उल्लेख नाही. घरात पंधरा-सोळा माणसे जेवत असता लाडू मोजायचे ते कशाला! आज आम्ही घरात चौघे, आणि चौघांपैकी एकाला साखर वर्ज्य. तेव्हा वीस लाडू पुरे. आता शेराचे वीस लाडू कसे करावयाचे?

पहिला प्रश्न शेराचा. येथे धरलेला पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. आपल्याकडे मेट्रिक वजने 1958 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली, आणि तेव्हापासून ‘शेर म्हणजे किलोच’ असे म्हणण्याची सवय लागली. सगळेच जिन्नस तसे बदलले तर बिघडत नाही; लाडू थोडे जास्त होतील इतकेच. घोटाळा होतो तो एक जिन्नस किलोत, दुसरा वाटीने आणि तिसरा अंदाजाने घेतला म्हणजे.

म्हणून मी आधी ग्रॅमकडे वळतच नाही. वहीतला हिशोब पावशेरांत मांडतो. पीठ चार पावशेर, तूप दोन, साखर तीन. एकूण नऊ भाग. लाडवाची सारी प्रकृती या चार-दोन-तीनमध्ये आहे. मग उलट बाजूने यावे. मध्यम लाडू 40 ग्रॅमचा धरला तर विसांचे 800 ग्रॅम होतात. नवांनी भागले की एक भाग 89 ग्रॅमचा येतो. एकोणनव्वद ग्रॅम घेऊन कोण बसणार? सरळ 90 धरावे. पीठ 360, तूप 180, साखर 270. एकूण 810 ग्रॅम. दहा ग्रॅम कढईला आणि चाखणाऱ्याला.

यातली खुबी एवढीच की पूर्णांक करायचा तो भागाचा, जिन्नसांचा नव्हे. आमच्या शेजारच्या वहिनींनी प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे सोयीचा करून घेतला. पीठ 350, साखर 250, आणि तूप ‘राहू दे दोनशे’. प्रत्येक बदल किरकोळ; पण पिठाच्या निम्मे असायचे तूप निम्म्याहून बरेच वर गेले. लाडू वळताना गोल होते, ताटात ठेवल्यावर तासाभरात बूड पसरून बसले! असे झाले तर साखर घालू नये. थोडे पीठ कोरडेच मंद आचेवर भाजून, गार करून मिसळावे. उलट लाडू वळताना भेगा पडत असतील तर तूप कमी आहे. ते पातळ करून चमच्या-चमच्याने घालावे.

आता वाटी. तराजू नसलेल्या घरी वजनाचे प्रमाण वाटीने घेण्याचा मोह होतो, आणि तेथेच मोठी फसगत आहे. 200 मिलिलिटरच्या वाटीत सैल भरलेले बेसन सुमारे 100 ग्रॅम मावते, पिठीसाखर 110 च्या आसपास, पण पातळ तूप 180. म्हणजे चार वाट्या पिठाला दोन वाट्या तूप घातले तर 400 ग्रॅम पिठाला 360 ग्रॅम तूप झाले. लाडू कसले, ती खीरच! आपल्या वीस लाडवांना या वाटीने पीठ साडेतीन वाट्या आणि वर दोन चमचे, साखर जेमतेम अडीच, आणि तूप एकच वाटी लागते. वाटी दाबून भरली की हे आकडे बदलतात, म्हणून शक्य तर एकदा आपली वाटी वाण्याकडे नेऊन तिन्ही जिन्नसांनी तोलून आणावी.

वेलदोड्याचे मात्र उलटे. तोळ्याचे प्रमाण कमी केले की साडेचार ग्रॅम उरतात. घरच्या तराजूवर एवढ्याशा पुडीचा भरवसा नाही. दोन सपाट लहान चमचे म्हणावे आणि पुढे जावे. मोठे जिन्नस वजनाने, चिमटीचे चमच्याने.

एक गोष्ट कोणत्याच कोष्टकात बसत नाही, ती भाजण्याची. पीठ निम्मे झाले म्हणून वेळ निम्मा होत नाही. मोठ्या कढईत थोडे पीठ पातळ पसरते आणि खालून करपते, तेव्हा कढई लहान घ्यावी. लग्नघरी दोनशे लाडू हवे असतील तर भाग 900 ग्रॅमचा आणि पीठ 3 किलो 600 ग्रॅम. पण ते एका दमात भाजू नये. तीन-चार घाण्यांत भाजावे, प्रत्येक घाण्याला त्याच्या वाटणीचे तूप आधीच तोलून ठेवावे, आणि त्यातले दशांश तूप लाडू वळेपर्यंत हाती राखावे.