ठरलेली तारीख दुसऱ्याला दिली, तर पत्रात काय लिहावे

तिथी काढून झाली, कार्यालयाला ॲडव्हान्स दिला, पत्रिका छापून आल्या, आणि मग एके दिवशी कार्यालयातून फोन येतो: ‘त्या दिवशी दुसरं बुकिंग झालंय. तुम्ही आदला दिवस घ्या, नाहीतर पैसे परत न्या.’ मुलीच्या आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. मग रागाच्या भरात जे पत्र लिहिले जाते, त्यात मनस्ताप चार पाने असतो, पण पावतीचा क्रमांक बहुधा कुठेच नसतो. व्यवस्थापकाला असे पत्र बाजूला ठेवणे सोपे जाते.

लिहिण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: बुकिंग खरोखर पक्के झाले होते का? अनेक कार्यालयांत वहीत आधी पेन्सिलने नाव लिहितात आणि अमुक दिवसांत ॲडव्हान्स भरा असे सांगतात. पैसे न भरता केलेल्या अशा नोंदीवर तक्रार फारशी टिकत नाही. पण ठरावीक तारखेसाठी पैसे घेतले, पावती दिली आणि पावतीवर कार्याचा दिवस लिहिला, तर तो करार झाला. पावतीच्या मागचा बारीक मजकूरही वाचावा. दुसरा हप्ता अमक्या तारखेपर्यंत न भरल्यास बुकिंग रद्द, अशी अट असेल आणि तो आपल्याकडून राहिला असेल, तर व्यवस्थापक पहिल्यांदा तेच पुढे करील. ‘अपरिहार्य कारणास्तव तारीख रद्द करण्याचा अधिकार कार्यालयाकडे राहील’ असे वाक्यही बऱ्याच पावत्यांवर असते. त्याने घाबरून जाऊ नये. इमारतीला आग लागणे, सरकारने जागा ताब्यात घेणे ही अपरिहार्य कारणे. जेवणासकट मोठे काम देणारी दुसरी पार्टी आली, हे अपरिहार्य कारण होत नाही.

आता एक कल्पित प्रकरण घेऊ. कार्यालयाचे भाडे 90,000 रुपये ठरले. 3 जूनला 30,000 रुपये यूपीआयने भरले, पावती क्रमांक 214, लग्न 7 डिसेंबरला. 20 ऑक्टोबरला वरचा फोन आला. त्याच संध्याकाळी वडिलांनी व्यवस्थापकाला व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवल्या: ‘आज दुपारी आपण फोनवर सांगितलेत की 7 डिसेंबरची तारीख दुसऱ्यांना दिली आहे. यात काही चूक असेल तर कळवावे.’ फोनवरचे बोलणे नंतर नाकारता येते, म्हणून या दोन ओळी फार मोलाच्या. उत्तर आले किंवा नाही आले, तरी त्या राहतात. दुसऱ्या दिवशी पत्र गेले:

‘मा. व्यवस्थापक यांस,
विषय: 7 डिसेंबरचे पक्के बुकिंग, पावती क्र. 214

स. न. वि. वि.
माझ्या मुलीच्या लग्नासाठी आपले कार्यालय 7 डिसेंबर रोजी 90,000 रुपये भाड्याने ठरले असून 3 जून रोजी आपण 30,000 रुपये स्वीकारले आहेत. 20 ऑक्टोबरला आपण फोनवर ही तारीख दुसऱ्यांना दिल्याचे सांगितले. आम्ही बुकिंग रद्द केलेले नाही व तारीख बदलण्यास आमची संमती नाही.

ठरल्याप्रमाणे कार्यालय देणार असल्याचे 24 ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावे. तसे न कळवल्यास आपण करार मोडला असे समजून आम्ही त्याच दिवसासाठी तोडीचे दुसरे कार्यालय घेऊ. त्याचे जादा भाडे, पत्रिका पुन्हा छापण्याचा खर्च आणि ॲडव्हान्सची रक्कम आपल्याकडून वसूल केली जाईल.

सोबत: पावती, यूपीआय व्यवहार व संदेश यांच्या प्रती.
प्रत: कार्यालयाचे मालक.’

पत्र लहान आहे, ते मुद्दामच. ‘आमची संमती नाही’ हे वाक्य त्याचा कणा आहे. कारण गप्प राहिले, किंवा ‘बघू, आदला दिवस जमतो का’ असे फोनवर बोलून गेले, तर पुढे ‘त्यांनीच तारीख सोडली’ असे म्हणायला जागा मिळते. मुदत तीन दिवसांची, कारण लग्नसराईत दुसरे चांगले कार्यालय फार काळ मोकळे राहत नाही. येथे पंधरा दिवस देणे म्हणजे आपलाच पर्याय घालवणे. प्रत मालकाला किंवा विश्वस्तांना जायलाच हवी, कारण व्यवस्थापक नोकर असतो आणि पैशाची जबाबदारी मालकावर येते. अनेकदा तडजोड होते ती मालकाला प्रथमच सगळे कळल्यामुळे. आणि दुसऱ्या पार्टीबद्दल पत्रात वाईट शब्द नको. त्यांच्याही घरी लग्न आहे, त्यांनीही पैसे भरले आहेत, आणि बहुधा त्यांना काहीच माहीत नसते.

पत्र हातोहात दिले तर आपल्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्यावा. घेण्यास नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती व पोचल्याचा पुरावा जपावा.

24 तारखेपर्यंत उत्तर आले नाही, तर थांबू नये. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 73 प्रमाणे करार मोडल्याने ओघाने होणारे नुकसान मिळू शकते, पण ते कमी करण्याचे जे मार्ग हाती होते तेही पाहिले जातात. म्हणून दोन-तीन कार्यालयांची लेखी दरपत्रके घ्यावीत आणि पहिल्याच्या तोडीचे निवडावे. आपल्या उदाहरणात नवे कार्यालय 1,20,000 रुपयांना मिळाले, म्हणजे फरक 30,000 रुपयांचा. चारशे पत्रिका वीस रुपये दराने पुन्हा छापल्या, त्याचे 8,000. ॲडव्हान्स 30,000. एकूण मागणी 68,000 रुपये. दुसरे पत्र या आकड्यांचे, बिले जोडून, पंधरा दिवसांची मुदत देऊन लिहायचे. वातानुकूलित, दुप्पट मोठे सभागृह घेऊन त्याचा सगळा फरक मागितला, तर खरी मागणीही संशयास्पद दिसू लागते.

तरीही पैसे आले नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथे समजुतीने मिटवण्याचा प्रयत्न होतो, आदेश मिळत नाही. आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे लग्न मुलाच्या गावी ठरले होते म्हणून तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मनस्तापाची भरपाईही मागता येते, पण तिचा आकडा आयोग ठरवतो. त्या मानाने बिलांनी दाखवलेला खर्च जास्त खात्रीचा. निकालाला मात्र वेळ लागतो. लग्न पार पडून बराच काळ गेल्यावर तो हाती येईल, हे धरूनच तिकडे जावे.

यात एक ठिकाण फार निसरडे आहे. फोननंतर एक-दोन दिवसांत व्यवस्थापक ॲडव्हान्सचे पैसे घेऊन घरी येतो आणि पावतीवर सही मागतो. पावतीवर लिहिलेले असते, ‘बुकिंग रद्द केले, पूर्ण रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार नाही.’ घाईत सही झाली की जादा भाड्याची आणि पत्रिकांची मागणी जवळजवळ संपलीच. पैसे जरूर घ्यावेत, पण सहीच्या वर आपल्या हाताने लिहावे: ‘7 डिसेंबरचे बुकिंग कार्यालयाने रद्द केल्यामुळे ॲडव्हान्सचे 30,000 रुपये परत मिळाले. नुकसानभरपाईची मागणी कायम आहे.’ व्यवस्थापक तसे लिहू देत नसेल तर रक्कम खात्यावर जमा करण्यास सांगावे, आणि जमा होताच हेच वाक्य त्याला संदेशाने पाठवून द्यावे.